चेअरमनला कोण ओळखत नाही?

पत्र:
ताई नमस्कार, मी पलूसचा, बँकेत क्लार्क आहे, फावल्या वेळात कथा लिहितो. दोन दिवाळी अंकांना एक कथा पाठवलेली, दोन्हीकडनं परत आली. थोडक्यात सांगतो. धोतर-टोपीतला एक म्हातारा सांगलीतल्या चारचाकीच्या शोरूममध्ये जातो, सेल्समन "ही गाडी तुझ्या सात पिढ्यांना परवडायची नाही" म्हणून त्याला हाकलतो. म्हातारा पोतं घेऊन परत येतो, टेबलावर १८ लाख ओततो, तेवढ्यात मॅनेजर पळत येतो की अरे हे तर साखर कारखान्याचे चेअरमन! सेल्समन पाया पडतो, म्हातारा चावी घेऊन गाडीत बसून निघून जातो. मित्र म्हणतात शेवट पहिल्या ओळीतच कळतोय. मग चेअरमनऐवजी रिटायर्ड कलेक्टर करू का कंपनीचा मालकच करू? तुम्ही शोरूममध्ये नोकरी केलीय म्हणून तुम्हालाच विचारतोय.

उत्तर:
भावा, कलेक्टर नको आणि मालक तर अजिबात नको. आधी एक सांग, तू पलूसचा ना, मग तुला हे लिहिताना हसू कसं आलं नाही? सांगली जिल्ह्यात कारखान्याच्या चेअरमनला न ओळखणारा सेल्समन कुठनं आणलास? अरे चेअरमनचा फोटो प्रत्येक चौकात फ्लेक्सवर, वाढदिवसाला, गळीत हंगामाच्या शुभारंभाला, गणपतीत, दहीहंडीत, आणि तो धोतरात येऊ दे नाहीतर बर्म्युडात, मागे चार गाड्या आणि आठ माणसं असतातच. शोरूमच्या वॉचमनने गेटवरच ओळखला असता. तुझी कथा परत आली त्यात माझ्या मते पहिला घोळ हा आहे, शेवट आधी कळतो हा नंतरचा.

आता शेवटाचंच बोलू. साध्या कपड्यातला माणूस, त्याचा अपमान, आणि मग तो कोणीतरी मोठा निघतो, ही गोष्ट लोकांना पाठ आहे. अलवरच्या महाराजांनी लंडनच्या मोटारवाल्यांवर सूड म्हणून त्यांच्या गाड्या कचरा गोळा करायला लावल्या, हे तू पण व्हॉट्सॲपवर दहा वेळा वाचलं असशील, पुरावा कशाचाच नाही पण गोष्ट मात्र मरत नाही. त्यामुळे तुझ्या पहिल्या वाक्यात धोतर आलं की वाचणाऱ्याला कळतंच, हा पैसेवाला निघणार. ते लपवायच्या नादाला लागलास तर हरशील, म्हणून लपवूच नको. तो कोण आहे ते वाचणाऱ्याला दुसऱ्या पानावर सांगून टाक, शोरूमवाल्यांना तेवढं सांगू नको. मग वाचणारा "हा कोण असेल" म्हणून वाट बघत बसत नाही, "ह्यांना आता कसं कळणार आणि कळल्यावर ही पोरं करणार काय" म्हणून बसतो, आणि ते बघण्यात खरी मजा आहे.

मग असा माणूस पाहिजे की ज्याच्याकडे पैसा आहे, जो आपल्याच जिल्ह्यातला आहे, आणि तरी सांगलीत त्याला कुत्रं ओळखत नाही. असा माणूस आपल्याकडे आहे की, आणि तो तुझ्या घरापासनं तासाभराच्या अंतरावर राहतो. विट्याचा गलाईवाला.

खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगावचा काही भाग, सगळा कमी पावसाचा पट्टा. तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या सोनं-चांदी आटवायच्या धंद्यात देशभर पांगलीत, तामिळनाडूत म्हणू नको, केरळात म्हणू नको, बंगाल, पंजाब, सराफ बाजार असेल तिथं एखाद्या बोळात ह्यांची भट्टी सापडतेच. माणूस वर्षातले दहा-अकरा महिने तिकडं, यात्रेला आणि लग्नकार्याला इकडं. गावात बंगला, देवळाच्या कळसाला देणगी, पण सांगलीच्या चौकात ह्याचा फ्लेक्स नाही. शिवाय गावी आला की पहिलं काम म्हणजे पँट काढून पायजमा नाहीतर धोतर, कारण वर्षभर परक्या मुलखात राहिलेल्या माणसाला तेच हवं असतं. म्हणजे साध्या कपड्यांना पण कारण मिळालं. तुझ्या कथेत म्हाताऱ्याने साधे कपडे का घातलेत? तर लेखकाला पाहिजे होते म्हणून.

आता ह्या माणसाची एक खूण देते, ती वापर. आटणीचं काम म्हणजे थोडक्यात असं, जुनं सोनं मुशीत टाकणखार घालून वितळवायचं, शुद्ध करायचं असेल तर त्यात आणखी चांदी मिसळून सोनं चौथ्या हिश्श्यावर आणायचं आणि मग ते तेजाबात घालायचं, म्हणजे नायट्रिक ॲसिडमध्ये. चांदी-तांबं विरघळून जातं, सोनं तेवढं खाली राहतं, ते धुऊन परत वितळवायचं. चौथाईवर का आणायचं, तर सोनं जास्त राहिलं तर ॲसिड आतपर्यंत पोचतच नाही, चांदी आत अडकून बसते. हे सगळं कथेत घालू नको हां, नाहीतर केमिस्ट्रीचं पुस्तक होईल. तुला पाहिजे ती एवढीच गोष्ट की हे ॲसिड कातडीला लागलं की पिवळा डाग पडतो आणि तो धुऊन जात नाही, ती कातडी झडून नवी येईपर्यंत राहतो. म्हातारा चार दुकानांचा मालक झाला तरी तेजाब स्वतःच घालतो, पोरांवर विश्वास नाही, त्यामुळे बोटं पिवळी.

आणि सांगलीत पिवळी बोटं बघितली की माणूस काय समजणार? हळद! मार्केट यार्डातला हमाल! बघ, आपोआप जमलं. सेल्समनने कपड्यावरनं माणूस ओळखला हे जुनं झालं, इथं तो बोटांवरनं ओळखतोय आणि त्याच्या हिशोबानं त्याचं बरोबर पण आहे, सांगलीत दिवसभर हळदीची पोती उचलणाऱ्याची बोटं पिवळीच असतात. चुकतोय, पण का चुकतोय ते समजतंय. तुझा सेल्समन नुसता वाईट आहे, आणि नुसता वाईट माणूस मला तरी पाच ओळींच्या वर वाचवत नाही.

सेल्समनवर जरा थांबते कारण तिथं तू सगळ्यात जास्त घाई केलीयस. मी ११ वर्षं काउंटरला काढलीत, सांगते. शोरूममध्ये आत आलेला प्रत्येक माणूस म्हणजे वॉक-इन, त्याचं नाव-गाव-नंबर एन्क्वायरीत भरायचा आणि हॉट, वॉर्म का कोल्ड ते लिहायचं. पोराचा पगार बेताचा, खरी कमाई इन्सेन्टिव्हची, गाडीमागे, इन्शुरन्समागे, ॲक्सेसरीमागे. महिन्याच्या २५ तारखेला दोन गाड्या कमी पडत असतील तर तो माणसाकडे बघतच नाही, तो फक्त हा ह्या महिन्यात गाडी उचलणार का नाही एवढंच बघतो. मुळात अपमान व्हायला सुरुवात इथनं होते, सात पिढ्या काढण्यापर्यंत कुणी जात नाही.

आणि दुसरी गोष्ट, ही सांगलीबाहेरच्या लेखकाला माहीत नसती तर चाललं असतं, तुला माहीत पाहिजे. आपल्याकडचा जुना सेल्समन धोतर बघितलं की खुर्ची पुसतो! द्राक्षाचा पैसा आला, बेदाण्याचा सौदा झाला, उसाचं बिल जमा झालं की गाड्या कोण घेतं? चुरगळलेला शर्ट आणि पायात धुळीच्या चपला असलेला माणूसच घेतो. कडक इस्त्रीवाला येतो तो कोटेशन घेऊन कोल्हापूरला जातो घासाघीस करायला. म्हणजे सांगलीत धोतराला हाकलणारा सेल्समन दाखवायचा तर एकतर तो नवा पाहिजे, बाहेरनं आलेला पाहिजे, नाहीतर त्याच्या मनात काहीतरी सल पाहिजे.

मी असते तर सल दिला असता, आणि तो पण जरा गमतीचा. समज, दहाच दिवसांपूर्वी असाच एक धोतरवाला आलेला, ह्या पोराने त्याला मान दिला, चहा पाजला, टेस्ट ड्राइव्ह दिली. त्या बाबाने मागच्या सीटवर बायको, सून आणि तीन नातवंडं बसवली आणि गाडी हरिपूरला घ्यायला लावली, संगमेश्वराचं दर्शन केलं, नारळ फोडला, येताना पेढे घेतले, पोराला पण एक दिला, आणि शोरूमच्या दारात उतरताना म्हणाला, "लई भारी गाडी हाय, पर आमास्नी घ्यायची न्हाय." वरनं डिझेल किती जाळलंस म्हणून मॅनेजरने सगळ्यांसमोर झापलं. (हे थोड्याफार फरकाने घडलेलं आहे, आमच्याकडं श्रावणी सोमवारी टेस्ट ड्राइव्ह मागितली की सगळे एकमेकांकडे बघायचे.) आता हा पोरगा पुढच्या धोतराशी कसा वागणार? वाचणारा त्याच्या बाजूने अर्धा तरी झाला पाहिजे, तरच पुढचं लागतं.

अपमान कसा होतो ते पण सांगते कारण तू तो फार आरडाओरडा करून केलायस. सात पिढ्या वगैरे कुणी बोलत नाही, बोलला तर त्याच दिवशी मोबाईलवर व्हिडिओ फिरेल. खरा अपमान अगदी गुळमुळीत असतो. म्हातारा आत येतो, पोरगा मोबाईलमधनं वर न बघता "हां काका, काय पाहिजे?" दुकानात साखर मागायला आल्यासारखं. म्हातारा बॉनेटवर हात ठेवतो, "काका हात नका लावू, पॉलिश केलीय." किंमत विचारतो, "टॉप मॉडेल आहे ती." म्हणजे किंमत सांगितलीच नाही. मग "बरोबर कोण आहे?" हे सगळ्यात बोचतं बघ, म्हणजे बोलण्यालायक माणूस मागनं येतोय असं समजायचं. सोबत पँटवाला पुतण्या असला की सगळी माहिती पुतण्याच्या तोंडाकडे बघून सांगतात, पैसे देणारा बाजूला उभा. आणि ब्रोशर देत नाहीत, ते लागतात म्हणून सांभाळून ठेवलेले असतात. पाणी कागदी ग्लासात, शेजारच्या गॉगलवाल्याला काचेच्या. ह्यातलं एकही असं नाही की म्हातारा मॅनेजरकडे तक्रार करू शकेल. तक्रार काय करणार, "ह्यांनी मला ब्रोशर दिलं नाही"?

आणि हे सगळं करताना पोराने त्याचं नाव विचारलेलं नाही. हे नीट लक्षात ठेव, मी परत इथं येणार आहे.

माझी पण एक गोष्ट आहे, सांगून टाकते म्हणजे तुला कळेल मी सेल्समनला एवढं का धरून बसलेय. नोकरीचं दुसरंच वर्ष होतं माझं. दुपारी अडीचला एक माणूस आला, पायजमा, चपलेला शेण, दुधाचा वास. छोट्या टेम्पोची किंमत विचारली. मी म्हटलं सेल्सवाले जेवायला गेलेत, बसा बाहेर. सेल्सवाले माझ्या पाठीमागे पार्टिशनच्या पलीकडे गप्पा मारत बसलेले, त्यांचे आवाज त्याला पण ऐकू येत होते. तो बाहेर पायरीवर ४० मिनिटं बसला, मग गेला. महिन्याभराने तोच माणूस तोच टेम्पो घेऊन आमच्याकडे पहिल्या फ्री सर्व्हिसिंगला आला, घेतला कोल्हापुरातनं पण सर्व्हिस सेंटर आमचंच जवळ ना त्याला. काउंटरवर मला बघितलं आणि अगदी हसून म्हणाला, "काय बाई, झाली का जेवणं?" बास. चेअरमन नव्हता, कलेक्टर नव्हता, गावातनं दूध गोळा करणारा माणूस होता, आणि दर सर्व्हिसिंगला यायचा, दर वेळेला तेच विचारायचा. मी चार वर्षं ते वाक्य ऐकलंय. तुझ्या म्हाताऱ्याला १८ लाख ओतून जेवढं जमलं नाही तेवढं ह्याला एका वाक्यात जमलं.

बरं, १८ लाखांचं. भावा, तू बँकेत आहेस! १ एप्रिल २०१७ पासनं एका माणसाकडनं एका दिवसात किंवा एका व्यवहारात २ लाख किंवा त्याच्या वर रोख घेता येत नाही, आणि घेतली तर दंड घेणाऱ्याला होतो, तेवढ्याच रकमेचा. म्हणजे तुझ्या म्हाताऱ्याने पोतं ओतलं की मॅनेजरला पाया पडायला नाही, पोतं परत भरायला पळावं लागेल. पोत्याचा सीन तुला फारच आवडत असेल तर कथा २०१७ च्या आधीची कर आणि तसं कुठंतरी कळू दे, पण नोटबंदीच्या आसपास नको, नाहीतर वेगळीच कथा होईल. आत्ताची करायची तर आरटीजीएस, आणि डिसेंबर २०२० पासनं ते रात्रंदिवस चालतं म्हणून "आज रविवार, बँक बंद" ही अडचण पण हातातनं गेली. मला विचारशील तर बरंच झालं, कारण पैसा आता दिसत नाही, आवाज करत नाही, फक्त अकाउंटंटच्या फोनवर मेसेज येतो. एवढा मोठा क्षण आणि नुसतं टिंग! तो लिहून बघ.

चावी घेऊन निघून जाणं पण होत नाही. गाडीचं रजिस्ट्रेशन व्हावं लागतं, आपला एमएच १० चा नंबर पडतो, हाय सिक्युरिटी पाटी बसते, मग गाडी ताब्यात. आणि हवा तो रंग स्टॉकला नसेल तर वेटिंग वेगळंच. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटकात तुमकूरला खरंच असं झालेलं, तू ऐकलं असशील, एक तरुण शेतकरी मित्रांबरोबर पिकअप बघायला गेला, सेल्समन त्याला म्हणे खिशात दहा रुपये तरी आहेत का, त्याने तासाभरात १० लाख उभे केले आणि म्हणाला द्या आता गाडी. आणि शोरूमला देता येईना! लगेच डिलिव्हरीची सोय नाही, पुढे सुट्ट्या, मग भांडण, पोलीस, माफी. लोकांनी त्यातला पैसे आणल्याचाच भाग शेअर केला. मला त्यातली सगळ्यात चांगली जागा ही वाटते की पैसे आले, जिंकला, आणि तरी हात रिकामाच. गाडी यायला दिवस लागतात म्हणजे माणसाला त्या शोरूममध्ये परत यावं लागतं, त्याच पोरांच्या तोंडाकडे बघावं लागतं. तू त्याला चावी देऊन पहिल्याच दिवशी पळवून लावलास, म्हणून तुझ्याकडे दुसरा दिवस उरलाच नाही.

आता कळणार कसं, ते जमवू. मॅनेजर पळत येणं काढून टाक, तो सीन सिनेमावाल्यांनी झिजवलाय. माझ्या डोळ्यापुढं असं येतं. म्हाताऱ्याला कुणी विचारत नाही म्हणून तो हात धुवायला जातो, तिथं बेसिनपाशी फरशी पुसणारी मावशी उभी. ती बघते, साबण लावला तरी बोटं तशीच पिवळी. हळद असती तर साबण लागल्याबरोबर लालसर झाली असती, हे सेल्समनला माहीत नाही, मॅनेजरला माहीत नाही, पण ज्या बाईने आयुष्यभर हळदीचे डाग पडलेल्या साड्या धुतल्यात तिला माहीत आहे. ती विचारते, "आण्णा, ही हळद न्हवं." तो म्हणतो, "न्हाय, तेजाब." ती म्हणते, "इट्याकडचं व्हय?" म्हणजे सगळ्या शोरूममध्ये पहिल्यांदा तो कोण ते कळलं फरशी पुसणारीला, आणि तिने ते कुणाला सांगितलंच पाहिजे असं नाही. सांगेल का? इथं तू थोडा वेळ थांब. माझ्या मते ती सांगत नाही. ती फक्त त्याला चहा आणून देते, काचेच्या ग्लासात, आणि पोरगा लांबनं बघून चक्रावतो की मावशीने हमालाला काचेचा ग्लास का दिला.

मग त्याला फोन येतो आणि तो फाडफाड तमिळ बोलायला लागतो. पोरगा आता जवळ येतो, कुतूहलाने, अजून कळलेलं नाही. म्हातारा फोन ठेवतो आणि पोराच्या गळ्यातल्या चेनकडे बघत म्हणतो, "कडीपाशी डाग दिलाय, काळं पडलंय बघ. कुठनं घेतलीस?" पोरगा चपापतो, लग्नातली आहे, सासऱ्याने दिलेली. विचारतो, "किती कॅरेटची असंल काका?" आणि म्हातारा म्हणतो, "नुसतं बघून कसं सांगू बाबा? कस लावल्याबिगर मी कुणाचंच सांगत न्हाय."

हे वाक्य लिहून झालं की पुढं जा. त्याच्याखाली रेघ मारू नको, पोराच्या डोळ्यात पाणी आणू नको, "त्याला आपली चूक उमगली" लिहू नको. तुझी तशी सवय दिसते, तुझ्या कथेत माणसं दर पानाला काहीतरी उमगून घेतात.

आणि आता ते नाव. म्हातारा गाडी बुक करतो कारण त्याला तीच गाडी पाहिजे, म्हातारीला त्या गाडीत चढायला पायरी सोपी आहे, एवढं साधं कारण. अपमान झाला म्हणून दुसरीकडं जाणं तुझ्या-माझ्या वयाला सुचतं, त्याने ४० वर्षं परक्या गावात धंदा केलाय, ह्याहून वाईट ऐकून घेतलंय. मॅनेजरला आतनं कळतं की बुकिंग आहे आणि पूर्ण पैसे आरटीजीएसने येणारेत, तो बाहेर येऊन म्हणतो, "साहेब, फॉर्म मी भरतो," आणि म्हातारा म्हणतो, "न्हाय, ह्यो पोरगाच भरंल." पोरगा फॉर्म घेऊन बसतो. आता त्याला एकेक विचारावं लागतं जे त्याने तासापूर्वी विचारलं नव्हतं. नाव? म्हातारा सांगतो. गाव? सांगतो. मोबाईल? सांगतो. पॅन कार्ड? काढून देतो, प्लास्टिकच्या पिशवीतनं, रबर लावलेलं. व्यवसाय? इथं पोरगा पेन उचलून थांबतो, कारण मघाशी त्याने मनातल्या मनात "हमाल" भरून टाकलेलं असतं.

पाया पडणं काढ. माफी पण काढ, किंवा अर्धवट ठेव, "काका मघाशी..." एवढंच आणि म्हाताऱ्याने "लिव, लिव" म्हणावं. मला त्या "लिव" मध्ये त्याने माफ केलंय का नाही ते कळू नये असं वाटतं. शोरूममध्ये माफी कशी मागतात ते पण सांगते, मॅनेजर पेढ्याचा बॉक्स आणि एक ॲक्सेसरी फ्री देतो, बहुतेक मॅट. तेवढं ठेवलंस तर मला हसू येईल.

गोष्ट कुणाच्या बाजूने सांगायची हे तू विचारलं नाहीस पण सांगते, मावशीच्या. तिला सगळं दिसतं, तिला कुणी विचारत नाही, आणि कपड्यांवरनं तिला पण रोज कुणीतरी मोजतंच, हे तू एकदाही न लिहिता वाचणाऱ्याला कळेल. फक्त तिच्या तोंडी पुस्तकी भाषा घालू नको, तुझ्या कथेतला म्हातारा "आपण माझा उपमर्द केलात" म्हणतो ते वाचून मी चहा सांडला. सेल्समन मनातनं किती सल घेऊन बसलाय ते मावशीला कसं कळणार असं तू म्हणशील, तर हरिपूरची टेस्ट ड्राइव्ह झाली त्या दिवशी ती पण तिथंच होती, नारळाच्या शेंड्या मागच्या सीटवरनं तिनेच काढल्या.

लांबी ठेव तेवढीच, सात-आठ पानं, पोत्याची दीड पानं गेली की जागा होईल. एकदा विट्याला जाऊन ये, यात्रेच्या दिवसात गेलास तर गलाईवाले गावात भेटतील, हात बघ त्यांचे, मी सांगितलेल्यापेक्षा वेगळं काही दिसलं तर माझं खोडून तुझं लिही. आणि पाठवायच्या आधी शीर्षक बदल, "धोतरातला कोट्यधीश" नाव देऊन वर मित्रांना विचारतोस शेवट कसा काय कळला?